वकिलाने बातमीदाराला आणि पॉडकास्टवाल्यांना नेमकं काय पाठवावं

प्रश्न: मी पुण्यात अकरा वर्षं वकिली करते, मुख्यतः गृहनिर्माण सोसायट्यांचे वाद. गेल्या चार महिन्यांत सात मराठी पॉडकास्टना आणि तीन बातमीदारांना स्वतःची ओळख करून देणारे ई-मेल पाठवले, बायोडेटाही जोडला. एकाचंही उत्तर आलं नाही. माझं काय चुकतंय? आणि वकिलाने असं स्वतःहून विचारणं नियमात बसतं का?

उत्तर: ताई, "ओळख करून देणारे" आणि "बायोडेटा जोडला" या शब्दांतच बरंचसं उत्तर आहे. मी सतरा वर्षं एका मराठी दैनिकाच्या शहर विभागात काढली, त्यातली शेवटची सहा मुख्य बातमीदार म्हणून, आणि गेली चार वर्षं एक पॉडकास्ट चालवतो. असे मेल मला दोन्हीकडे येत आले आहेत. उघडलं की पदव्या, अनुभवाची वर्षं आणि शेवटी "या विषयांवर बोलायला आवडेल" अशी ओळ. लिहिणारा माणूस जाणकार आहे हे कळतं. पण सकाळच्या मीटिंगला मला सांगायचं असतं की आज कोणती बातमी देतोय. "माझ्याकडे एक अनुभवी वकील आहेत" ही काही बातमी नव्हे. मग तो मेल पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून ठेवला जातो, आणि दोन-तीन दिवसांत इतर मेलखाली गाडला जातो.

तुमच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण सविस्तर सांगतो. सोसायट्यांचं लेखापरीक्षण करणाऱ्या एका गृहस्थांनी मला एकदा मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला. त्यापूर्वी आमची ओळख नव्हती. मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार. मी सोसायट्यांचं ऑडिट करतो. यंदा पाहिलेल्या सोसायट्यांपैकी बऱ्याच ठिकाणी भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज चुकीच्या पद्धतीने घेतला जातोय. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सोसायट्या पूर्ण बिलावर १० टक्के लावतात. नावं खोडलेलं एक बिल सोबत जोडलंय. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा असतात, तिथे सभासद हे विचारू शकतात. आज ११ ते १ मोकळा आहे."

सोबत बिलाचा फोटो होता. एकूण बिल ४,२०० रुपये. त्यात सेवाशुल्क १,८०० आणि बाकी पाणीपट्टी, मालमत्ता कर, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी. सोसायटीने ४२० रुपये लावले होते, लागायला हवे होते जास्तीत जास्त १८०. महिन्याला २४० रुपये जादा, म्हणजे पाच वर्षांत १४,४०० रुपये. ही वजाबाकी त्यांनी पेनाने बिलाच्या कडेला करून ठेवली होती. त्या कडेच्या आकड्यांमुळेच मी मीटिंगमध्ये दोन वाक्यांत बातमी सांगू शकलो आणि लगेच होकार मिळाला.

या मेसेजमध्ये त्यांची ओळख एवढीच होती: "सोसायट्यांचं ऑडिट करतो." बाकी सगळं बातमीला लागणारं सामान होतं. काय चुकतंय, कोणत्या कागदाच्या आधारे चुकतंय, ते मला स्वतः तपासता येईल असा पुरावा, हे आत्ताच का छापायचं, आणि बोलायला केव्हा मिळणार. आमच्या बातमीदार मुलीने मग वाचकांकडून आणखी तीन बिलं मिळवली, उपनिबंधक कार्यालयात विचारलं, दोन सोसायट्यांच्या सचिवांशी बोलली. ऑडिटर साहेबांशी तिचं बोलणं झालं बारा मिनिटं. छापून आलं ते चार ओळींची चौकट आणि त्यांचं एक वाक्य, खाली नाव आणि "सोसायटी लेखापरीक्षक". एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप का, असं तुम्हाला वाटेल. पण त्यानंतरच्या वर्षभरात आमच्याच दैनिकाच्या तीन वेगवेगळ्या बातमीदारांनी त्यांना फोन केला, कारण "सोसायटीच्या हिशोबाचं यांना विचार, नीट सांगतात" असं डेस्कवर ठरून गेलं. बातमीदार तज्ज्ञांची यादी बायोडेटावरून करत नाहीत. मागच्या वेळी फोन उचलला, सोपं सांगितलं आणि आकडा बरोबर निघाला, त्यांचा नंबर सेव्ह होतो.

आता यात जी चूक झाली तीही सांगतो, कारण ती तुमच्या बाबतीतही होईल. फोनवर बोलताना साहेब ओघात म्हणाले, "मेंटेनन्सच्या दहा टक्के." मेसेजमध्ये सेवाशुल्क लिहिलं होतं, पण बोलताना माणूस रोजचाच शब्द वापरतो. बातमीदाराने ऐकलं तसंच लिहिलं, मी ती कॉपी पाहिली, आणि सेवाशुल्क व मेंटेनन्स, म्हणजे पूर्ण बिल, यांतला फरक माझ्याही नजरेतून सुटला. पूर्ण बातमी ज्या फरकावर उभी होती तोच चौकटीत उलटा छापला गेला. दुसऱ्या दिवशी दोन सोसायट्यांनी ती चौकट कापून नोटीस बोर्डावर लावली, "पेपरातही दहा टक्केच म्हटलंय" म्हणून. ज्या सभासदांसाठी बातमी केली त्यांच्याच विरोधात ती वापरली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. तिसऱ्या दिवशी खुलासा छापला. साहेबांनी तेव्हापासून एक सवय लावून घेतली: फोन ठेवला की दोन मिनिटांत मेसेज करायचा, "मी सांगितलेलं थोडक्यात", त्याखाली आकडे आणि कायद्यातले नेमके शब्द. बातमीदार कॉपी लिहिताना तो मेसेज समोर ठेवतो. छापण्याआधी बातमी दाखवा असा आग्रह मात्र धरू नका. बहुतेक ठिकाणी ते करत नाहीत, आणि मागितलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन जातो. "माझं वाक्य तेवढं वाचून दाखवा" असं मात्र म्हणता येतं, आणि बरेच जण वाचून दाखवतात.

वेळेचंही तसंच आहे. सकाळच्या दैनिकाच्या बातमीदाराला साडेदहा ते एक या वेळेत गाठावं. संध्याकाळी पाचनंतर तो कॉपी लिहीत असतो, पानं लागत असतात, तेव्हा आलेला लांबलचक मेसेज वाचला जात नाही. मेलपेक्षा व्हॉट्सॲप चालतं, पण पीडीएफ पाठवू नका, पहिल्या स्क्रीनमध्ये मावेल एवढंच लिहा. आणि "संपादक" या पत्त्यावर पाठवण्यापेक्षा सहकार किंवा गृहनिर्माण हे बीट, म्हणजे बातम्यांचं क्षेत्र, कोणाकडे आहे ते मागच्या दोन महिन्यांच्या बातम्यांवरून शोधा. नाव बातमीवरच असतं.

विषय कधी पाठवायचा हे तुमच्या कामातच आहे, फक्त तुम्ही ते दिनदर्शिकेसारखं पाहत नसाल. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून हिशोब, थकबाकी, नॉन-ऑक्युपन्सी, सभेची नोटीस हे सगळं वाचलं जातं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गळतीचे वाद सुरू होतात. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि संडास, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती संबंधित सभासदांनी स्वतःच्या खर्चाने. वरच्या मजल्यावरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाचं भांडण नेमकं या रेषेवर होतं. पण पाऊस पडायला लागल्यावर पाठवलंत तर उशीर झाला, तोवर बातमीदाराने कोणालातरी विचारलेलं असतं. मे संपताना पाठवा. आणि एखादा निकाल किंवा शासन निर्णय आला तर त्याच दिवशी दुपारपर्यंत तीन ओळी: याने काय बदललं, कोणाला लागू, कोणाला नाही. हे "कोणाला नाही" बहुतेक तज्ज्ञ सांगत नाहीत, आणि बातमीदाराला तेच हवं असतं, कारण सकाळी वाचकांचे फोन त्यावरूनच येतात.

आता नियमाचं. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम ३६ तुम्हाला माहीत असणारच. जाहिरात, दलाल, व्यक्तिगत संपर्क, व्यक्तिगत संबंध नसताना घेतलेल्या भेटी-मुलाखती अशा मार्गांनी काम मिळवायला त्यात मनाई आहे, आणि ज्या प्रकरणात वकील स्वतः आहे त्यासंबंधी वृत्तपत्रांना टिप्पणी किंवा छायाचित्र पुरवायलाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ई-मेल, नोंदणी, पात्रता आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती द्यायला परवानगी मिळाली. मला याचा व्यवहारातला अर्थ असा दिसत आलाय: कायदा लोकांना समजावून सांगणं वेगळं आणि अशिलं मागणं वेगळं, आणि तुमचा मेल यातलं कोणतं करतोय हे त्याच्या पहिल्या दोन ओळींत दिसतं. "शेकडो प्रकरणं यशस्वीपणे हाताळली" हे वाक्य बातमीदारालाही खटकतं आणि नियमालाही. ते काढलं की तुमचा मेल दोन्ही बाजूंनी सुधारतो.

यातून काही गोष्टी पहिल्या फोनमध्येच स्पष्ट सांगून टाका. माझ्या चालू प्रकरणांवर बोलणार नाही. एखाद्या बातमीतल्या पक्षकाराची मी वकील असेन तर तसं आधी सांगेन आणि दुसरं नाव सुचवेन. नावाखाली फक्त "वकील, पुणे, सहकारी गृहनिर्माण" एवढंच लिहा, फोन नंबर देऊ नका. पॉडकास्टच्या वर्णनात "सल्ल्यासाठी संपर्क" अशी ओळ बरेच जण आपणहून टाकतात, ती टाकू नका म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशीच सांगायचं. आणि जिथे पाहुणा होण्याचे पैसे मागतात, तिथे जाऊ नका. काही पॉडकास्ट मागतात, वर्तमानपत्रांच्याही पैसे घेऊन छापलेल्या पुरवण्या असतात. इतर व्यावसायिक त्याचं हिशोबी गणित मांडू शकतील, पण वकिलाच्या बाबतीत ती सरळसरळ जाहिरात आहे. दुसरं नाव सुचवण्याबद्दल एक शब्द. तुम्हाला वाटेल आपणच संधी दुसऱ्याला देतोय. मी मात्र ज्यांनी "हे माझं क्षेत्र नाही, अमुक मॅडमना विचारा" असं सांगितलं त्यांच्याकडेच परत परत गेलो, कारण ते जेव्हा बोलतात तेव्हा माहीत असतं तेवढंच बोलतात हा भरवसा बसला.

पॉडकास्टचं काम वेगळं आहे आणि तुमचे सात मेल तिथे का पडून राहिले याचं कारणही वेगळं. बातमीदाराला चार ओळी हव्या असतात, मला पाऊण तास हवा असतो. माझी भीती एकच असते: हा पाहुणा पाऊण तास ऐकवेल का? बायोडेटावरून ते कळत नाही. मोठ्या हुद्द्याची माणसं माइकसमोर कलमांची यादी वाचतात आणि दहाव्या मिनिटाला श्रोते निघून जातात, हे श्रोत्यांच्या आलेखात स्पष्ट दिसतं.

म्हणून विषयाचं नाव पाठवू नका, एखाद्या माणसाची अडचण पाठवा. समजा तुम्हाला मानीव अभिहस्तांतरणावर, म्हणजे बिल्डर सही करत नसतानाही जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यावर, बोलायचंय. "मानीव अभिहस्तांतरण: कायदेशीर पैलू" असं लिहिलंत तर मी ते मनातल्या मनात भाषण समजून बाजूला ठेवतो. त्याऐवजी असं लिहा: "इमारत तीस वर्षांची आहे. सोसायटी नोंदलेली आहे, सगळे नियमित मेंटेनन्स भरतात. आता पुनर्विकासाची चर्चा निघाली आणि कोणीतरी मालमत्ता पत्रक काढलं, तर जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. बिल्डर हयात नाही, त्याची मुलं सही करायला तयार नाहीत. या सोसायटीने उद्या सकाळपासून काय करायचं?" हे वाचताना मला माझ्याच इमारतीची काळजी वाटायला लागते, आणि श्रोत्यालाही वाटेल. पुढे तुम्ही सांगालच की महाराष्ट्रातल्या सदनिका मालकीच्या १९६३ च्या मोफा कायद्यात २००८ ला दुरुस्ती झाली आणि बिल्डरची सही नसतानाही सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येऊ लागला. पण तो कायदा उत्तर म्हणून येतो, सुरुवात म्हणून येत नाही. त्याच्याखाली तीन प्रसंग एकेका ओळीत लिहा, निकाली निघालेल्या कामांतले, नाव-गाव आणि ओळख पटेल असा तपशील बदलून. एक जिथे काम सुरळीत झालं, एक जिथे कागद सापडले नाहीत, आणि एक जिथे तुम्ही सोसायटीला सांगितलं की आत्ता घाई करू नका. हा तिसरा प्रसंग मी सगळ्यात आधी वाचतो. जो तज्ज्ञ स्वतःच्या उपायाच्या मर्यादा सांगतो त्याच्याशी गप्पा रंगतात.

त्यासोबत नव्वद सेकंदांचा आवाज पाठवा. नवीन यंत्र नको, फोन पुरतो. पडदे आणि गादी असलेली खोली निवडा, पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. आणि वाचून दाखवू नका. तीस वर्षांच्या इमारतीचा तोच प्रसंग, शेजारच्या काकूंना सांगता तसा सांगा. तुमची वाक्यं किती लांब आहेत, "सदर", "उपरोक्त", "प्रस्तुत प्रकरणी" असे शब्द किती येतात, विषय सोपा करताना तुम्ही चुकीचा तर करत नाही ना, हे सगळं मला त्या दीड मिनिटात कळतं. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच पाहुण्यांचा निर्णय मेलवर नाही, या आवाजावर झालाय.

पाठवण्याआधी त्या कार्यक्रमाचे किमान दोन भाग पूर्ण ऐका, आणि त्यातलं काय अपुरं राहिलं ते लिहा. "तुमचे भाग आवडले" हे प्रत्येक मेलमध्ये असतं. "घरखरेदीच्या भागात तुम्ही महारेरा नोंदणी तपासायला सांगितलं, पण ज्यांची इमारत २०१७ च्या आधीच पूर्ण झाली त्यांना ते लागू होत नाही, आणि तुमचे पन्नाशीपुढचे श्रोते अशाच इमारतींत राहतात" हे लिहिणारी बाई मला त्याच आठवड्यात भेटायला आवडेल. तुमच्या सातही पॉडकास्टना एकच मजकूर गेला असेल तर हे शक्य नव्हतं. सातऐवजी दोन निवडा. मोठे नकोत, तुमच्या श्रोत्यांचे हवेत: घर, पैसा, ज्येष्ठ नागरिक, शहर अशा विषयांचे.

उत्तर आलं नाही तर पॉडकास्टला दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, तीही नवं काहीतरी जोडून, "माझा मेल पाहिलात का" एवढंच नव्हे. आम्ही भाग महिना-दीड महिना आधी ठरवतो, त्यामुळे गप्प राहणं म्हणजे नकार असतोच असं नाही. बातमीदाराला मात्र त्याच विषयाची आठवण करू नका. ती बातमी त्या दिवशी झाली नाही म्हणजे गेली. दोन-तीन आठवड्यांनी वेगळी माहिती पाठवा, तेवढीच नेमकी. साधारण तिसऱ्या वेळी फोन येतो, आणि तो तुम्ही पाठवलेल्या विषयावर नसतोच. कुठल्यातरी सोसायटीत लिफ्ट बंद पडलेली असते आणि बातमीदाराला अर्ध्या तासात विचारायचं असतं की जबाबदार कोण. तेव्हा कोर्टात असाल तर निदान "चारनंतर बोलते" एवढा मेसेज लगेच करा.

तुमच्याकडे अकरा वर्षांच्या फायली आहेत, त्यातून आधी नॉन-ऑक्युपन्सी घेऊ नका, तो विषय ऑडिटर लोक चांगला सांगतात. गळती किंवा अभिहस्तांतरण घ्या, तिथे वकिलाने बोलण्यासारखं जास्त आहे. गेल्या दोन वर्षांत अशिलांनी पहिल्या भेटीत विचारलेले प्रश्न एका कागदावर लिहून काढा, त्यांच्याच शब्दांत, आणि तोच प्रश्न पुन्हा आला की त्यासमोर एक खूण करा. ज्या प्रश्नासमोर सगळ्यात जास्त खुणा पडतील तो पहिल्या मेसेजमध्ये जाऊ द्या.